नोंदीपासून दाव्यापर्यंत: सांचीच्या भिक्षुणींवरील एका प्रबंधाचा उपसंहार

धर्माच्या अभ्यासातले प्रबंध शेवटच्या प्रकरणात बहुतेकदा एकाच जागी घसरतात. आधीच्या पाच-सहा प्रकरणांत संशोधक नोंदींबद्दल बोलत असतो: कोरीव लेख, पोथ्या, मुलाखती, पाहिलेले विधी. उपसंहारात आल्यावर तो त्या नोंदींमागच्या माणसांच्या मनाबद्दल बोलू लागतो, आणि नोंदीवरून मनापर्यंत तो कसा पोचला हे कुठेच लिहिलेले नसते. मग योगदान, मर्यादा आणि पुढील संशोधनाच्या दिशा हे तिन्ही भाग एकमेकांशी काही नाते न ठेवता ओळीने मांडले जातात. पुढचे उदाहरण अशाच एका प्रबंधाचे आहे. मी त्याची मार्गदर्शक नव्हते. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून मी शेवटचे प्रकरण वाचले आणि संशोधक विद्यार्थिनीबरोबर त्याचे पुनर्लेखन होईपर्यंत सोबत राहिले. तिचे नाव आणि विद्यापीठ इथे देत नाही.

प्रबंधाचा विषय होता सांचीच्या स्तूपांवरील भिक्षुणींचे दानलेख. सांचीच्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्तूपांवर, म्हणजे त्यांच्या भोवतीचे दगडी कठडे अर्थात वेदिका, फरसबंदीच्या शिळा आणि तोरणे धरून, सहाशेहून अधिक छोटे दानलेख आहेत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, काळ साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत. बहुतेक लेख एका ओळीचे असतात: अमुक गावच्या अमक्याचे दान. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी वाचण्याची वाट मिळाली ती याच लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘दानं’ या अक्षरांमुळे. दात्यांमध्ये गृहस्थ आहेत, श्रेष्ठी आहेत, विदिशेचे हस्तिदंत कोरणारे कारागीर आहेत, आणि भिक्षू व भिक्षुणीही मोठ्या संख्येने आहेत.

कोडे इथेच सुरू होते. पाली विनयपिटकातल्या, म्हणजे संघाच्या आचारनियमांच्या ग्रंथातल्या, नियमाप्रमाणे संघातल्या व्यक्तीने सोने-रुपे स्वीकारायचे नाही. मग वेदिकेच्या दगडाचे दान भिक्षुणीने कशातून केले? शिवाय जुन्या अभ्यासकांचा समज असा होता की स्तूपपूजा ही गृहस्थांची बाब, आणि भिक्षूंचे क्षेत्र ध्यान व अध्ययनाचे. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आपला शिष्य आनंद याला शरीरपूजेच्या, म्हणजे आपल्या पार्थिव अवशेषांच्या पूजेच्या, खटाटोपात पडू नका असे सांगतात, त्याचा आधार या समजाला होता. बौद्ध धर्माचे अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी १९८०च्या दशकापासून याच दानलेखांच्या आधारे तो समज मोडून काढला. दान देणाऱ्यांत भिक्षू-भिक्षुणी सुरुवातीपासून आहेत आणि ग्रंथांतल्या आदर्शावरून प्रत्यक्ष आचार ठरवता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणजे प्रबंध सुरू होण्याआधीच मोठी गोष्ट सिद्ध झालेली होती. भिक्षुणी दान देत होत्या हे सांगणे नवे नव्हते. नवे काय, हे शेवटच्या प्रकरणाला सांगायचे होते, आणि पहिल्या मसुद्यात नेमके तेच नव्हते.

त्या मसुद्याची पाने बारा. त्यांपैकी सात पानांत आधीच्या प्रकरणांचा सारांश: पहिल्या प्रकरणात हे पाहिले, दुसऱ्यात ते पाहिले. याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. प्रबंध ओळीने वाचत आलेल्या परीक्षकाला तो नको असतो, आणि थेट शेवटचे पान उघडणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. सात पानांचे एक पान झाले, तेही प्रकरणांच्या क्रमाने नाही तर उत्तरांच्या क्रमाने. प्रस्तावनेत तीन प्रश्न विचारले होते, म्हणून त्या पानावर तीन उत्तरे आली.

अवघड होता तो योगदानाचा परिच्छेद. मूळ मसुद्यात तो असा होता: ‘प्रस्तुत प्रबंधात प्रथमच प्राचीन बौद्ध भिक्षुणींच्या योगदानाचा सर्वांगीण आढावा घेण्यात आला आहे. यावरून भिक्षुणी आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र होत्या, त्यांची स्तूपावर गाढ श्रद्धा होती आणि गुप्तकाळापर्यंत भिक्षुणीसंघाचा ऱ्हास झाला हे सिद्ध होते.’

‘प्रथमच’ आणि ‘सर्वांगीण’ हे शब्द लगेच निघाले. पहिला खरा नव्हता, आणि दुसरा एका स्थळावरच्या एका प्रकारच्या साधनावर लिहिणाऱ्याला वापरता येत नाही. खरा प्रश्न पुढच्या तीन विधानांचा होता. मी तिला म्हटले, प्रत्येक विधानासमोर ते ज्या लेखावरून निघते तो लेख ठेव. ज्याच्यासमोर ठेवायला लेखच नाही, ते विधान आपण तूर्त बाजूला काढू.

पहिले विधान आर्थिक स्वातंत्र्याचे. लेख इतकेच सांगतो की अमुक गावच्या अमुक भिक्षुणीचे हे दान आहे. द्रव्य कुणाचे होते हे तो सांगत नाही. ते प्रव्रज्येआधीचे, म्हणजे घर सोडून संघात येण्याआधीचे, तिचे स्वतःचे असू शकेल. माहेरच्यांनी किंवा ओळखीच्या गृहस्थांनी दिलेले असू शकेल. अनेक घरांतून या कामासाठी जमवलेले आणि तिच्या नावावर नोंदलेलेही असू शकेल. शेवटची शक्यता हवेतली नाही. पाली विनयातल्या भिक्षुणींच्या नियमांच्या भागात, म्हणजे भिक्षुणी-विभंगात, एका कामासाठी मिळालेल्या द्रव्याचा विनियोग दुसऱ्या कामासाठी करू नये असे सांगणारे नियम आहेत, आणि असा नियम जिथे करावा लागतो तिथे भिक्षुणींच्या हातून विशिष्ट कामासाठी आलेले द्रव्य फिरत असले पाहिजे. गंमत म्हणजे हे नियम प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तिने स्वतः फार चांगले चर्चिले होते. उपसंहार लिहिताना ती चर्चा मागे राहिली आणि ‘स्वतंत्र’ हा आजचा, आकर्षक शब्द पुढे आला.

दुसरे विधान श्रद्धेचे. इथे ती अडून बसली, आणि तिचे अडणे मला योग्यच वाटले. “मॅडम, श्रद्धा नसताना कुणी दगडाचे दान देईल का? इतकेही म्हणायचे नाही का?” तिचा प्रश्न खरा आहे. श्रद्धा हा शब्द टाळत टाळत धर्माचा अभ्यास करणे हे काही पथ्य नव्हे. पण दान देण्यामागे पुण्याची इच्छा, आई-वडिलांसाठी पुण्यार्पण, गुरूच्या शब्दाचा मान, गावाचे नाव स्तूपावर कोरले जावे ही आस, असे बरेच काही असू शकते आणि ते सगळे एकाच वेळी असू शकते. सांचीचे लेख हेतू सांगत नाहीत. पुढच्या काळात काही ठिकाणचे दानलेख ‘आई-वडिलांच्या पूजेसाठी’ किंवा ‘सर्व सत्त्वांच्या हितासाठी’ असे स्पष्ट लिहितात. तिथे निदान दात्याने जाहीर केलेल्या हेतूबद्दल बोलता येते. सांचीच्या या लेखांत तेही नाही. म्हणून आम्ही वाक्य असे केले: ‘आपले नाव स्तूपाच्या वास्तूवर कायमचे राहावे अशी व्यवस्था या भिक्षुणींनी केली किंवा त्यांच्यासाठी करण्यात आली.’ हे श्रद्धेपेक्षा कमी वाटते. पण कृती म्हणून ते निश्चित आहे, आणि त्याच्यावर पुढचा युक्तिवाद उभा राहतो.

तिसरे विधान ऱ्हासाचे, आणि या तिघांत मला तेच सर्वांत धोक्याचे वाटले, कारण ते बिनचूक दिसते. सांचीच्या गुप्तकालीन लेखांत भिक्षुणी दाता म्हणून दिसत नाहीत, हे खरे. पण ते लेख किती आणि कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहायला हवे. गुप्त संवत १३१, म्हणजे इ.स. ४५०-५१ चा हरिस्वामिनी या उपासिकेचा लेख घ्या. तिने संघाला बारा दीनारांची अक्षयनीवी दिली. मुद्दल तसेच ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून रोज एका भिक्षूला भोजन द्यायचे. दिव्यांसाठी तिने वेगळी रक्कम ठेवली. आता याची तुलना इ.स.पू. पहिल्या शतकातल्या वेदिकेशी करा, जिथे शेकडो माणसांनी दगडाचा एकेक भाग दिला आणि प्रत्येकाचे नाव कोरले गेले. दानाची रीतच बदलली आहे. छोट्या दात्यांची नावे कोरण्याची पद्धत जिथे थांबली तिथे भिक्षुणींबरोबर सामान्य गृहस्थांची नावेही नाहीशी होतात. गृहस्थ संपले असे आपण म्हणत नाही. मग भिक्षुणी संपल्या असे कशावरून म्हणायचे? ऱ्हास झालाही असेल. इतर स्थळांच्या पुराव्यावरून काही अभ्यासकांनी तसे मांडले आहे आणि त्यात वजन आहे. मात्र हा प्रबंध ते सिद्ध करत नव्हता. त्याच्याकडे होता एक बदललेला नोंदप्रकार आणि त्यातली शांतता.

तिन्ही विधाने अशी कमी झाल्यावर ती हताश झाली. प्रबंधात काहीच उरले नाही असे तिला वाटले. प्रत्यक्षात दोन भक्कम गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही उपसंहारात आलेल्याच नव्हत्या.

पहिली गोष्ट परिशिष्टात होती. सांचीचे लेख अनेकांनी वाचले: ब्यूलर यांनी १८९०च्या दशकात ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये, ल्यूडर्स यांनी १९१२च्या आपल्या सूचीत, आणि मजुमदार यांनी मार्शल व फूशे यांच्या १९४०च्या सांचीवरील ग्रंथात. प्रत्येकाचे क्रमांक वेगळे, काही वाचने वेगळी. भिक्षुणींचे सगळे लेख शोधून, तिन्ही ठिकाणचे क्रमांक समोरासमोर लावून, वाचनभेद नोंदवून आणि एकच भिक्षुणी एकापेक्षा अधिक दगडांवर आली असेल तर तसे दाखवून तिने तक्ता केला होता. भिक्षुणींच्या लेखांवर यापुढे काम करणारा माणूस हा तक्ता उघडल्याशिवाय पुढे जाणार नाही. तिला ते निव्वळ तयारीचे काम वाटत होते. मी असे पुष्कळदा पाहिले आहे: ज्या कामात सर्वांत जास्त महिने गेले त्याचा उल्लेखच योगदानात नसतो, कारण त्यात ‘विचार’ नाही असे संशोधक धरून चालतो. कुठले वाचन स्वीकारायचे हे ठरवताना शेकडो वेळा विचारच झालेला असतो.

दुसरी गोष्ट तिसऱ्या प्रकरणात, मधेच एका तळटीपेत होती. सांचीच्या लेखांत गृहस्थ स्त्रिया अनेकदा नात्याने ओळखल्या जातात: अमक्याची आई, अमक्याची पत्नी. भिक्षुणींची ओळख मात्र बहुधा गावाने दिली जाते, काही वेळा गुरूने किंवा गुरुणीने, आणि नात्याने क्वचितच. ही वस्तुस्थिती आधीच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटली होती असे नाही. पण तिने एक पाऊल पुढे टाकून पाहिले होते की एकाच गावच्या भिक्षुणींची नावे कुठे एकत्र येतात, आणि त्याच गावच्या गृहस्थांच्या दानाशी त्यांचा संबंध लागतो का. काही गावांच्या बाबतीत तो लागत होता. म्हणजे घराचे नाते ओळखीतून गेले तरी गावाचे गेलेले नाही, आणि स्तूपाच्या दृष्टीने ही भिक्षुणी आपल्या गावाची प्रतिनिधी ठरते, असे म्हणायला जागा होती. प्रव्रज्या म्हणजे समाजातून बाहेर पडणे, या पाठ्यपुस्तकी समजाला हे नीट छेद देते.

योगदानाचा परिच्छेद मग असा झाला: ‘भिक्षू-भिक्षुणी स्तूपाला दान देत होत्या हे शोपेन यांनी दाखवले आहे. प्रस्तुत प्रबंध त्यापुढे विचारतो की दान देताना भिक्षुणीची ओळख कशी नोंदवली गेली. सांचीच्या लेखांपुरते असे दिसते की ती प्रामुख्याने गावाने नोंदवली गेली, आणि काही गावांच्या बाबतीत भिक्षुणी व गृहस्थ यांची दाने एका समूहात मोडतात. त्यामुळे प्रव्रज्येने स्त्रीचा गावाशी संबंध तुटतो असे गृहीत धरता येत नाही. यासाठी तयार केलेली लेखांची एकत्रित सूची परिशिष्टात आहे आणि ती प्रबंधातील युक्तिवाद न स्वीकारणाऱ्यालाही वापरता येईल.’ याची रचना मुद्दाम अशी ठेवली आहे. आधी काय मान्य होते, या प्रबंधाने कोणता प्रश्न घातला, काय दिसले, कुठवर दिसले, आणि त्यामुळे कोणते गृहीतक डळमळले. योगदान मोजायचे ते शेवटच्या अंगाने. एखादा जुना समज हलला नसेल तर जमवलेली माहिती कितीही असो, तिला योगदान म्हणायला परीक्षक कचरतात.

आता मर्यादा. मूळ मसुद्यातला परिच्छेद बहुतेक प्रबंधांत दिसतो तसाच होता: वेळ अपुरा पडला, सर्व स्थळांना भेट देता आली नाही, संशोधिकेला तिबेटी व चिनी भाषा येत नाहीत, अभ्यास सांचीपुरता आहे. यातले शेवटचे वाक्य मर्यादा नव्हेच. ती व्याप्ती आहे, आपण होऊन आखलेली, आणि तिची जागा पहिल्या प्रकरणात. वेळेचे कारण कुणालाच उपयोगी नाही. भाषांचे वाक्य खरे होते, पण त्यामुळे प्रबंधाच्या कुठल्या दाव्यावर काय परिणाम होतो हे त्यात नव्हते. मर्यादा लिहायची ती दाव्याला बांधून. वाचकाला हे कळले पाहिजे की अमुक अडचणीमुळे अमुक विधान इतकेच धरायचे.

तिने यादी पुन्हा केली तेव्हा तीन गोष्टी उरल्या.

एक, द्रव्याचा स्रोत लेखांत नाही. त्यामुळे ‘दान’ याचा अर्थ प्रबंधात सर्वत्र ‘नावावर नोंदलेले दान’ असा घ्यावा, मालकीविषयी काही म्हटलेले नाही. ही मर्यादा लिहिल्यावर आधीच्या प्रकरणांत दोन ठिकाणी ‘भिक्षुणींची संपत्ती’ असे शब्द सापडले, तेही बदलावे लागले.

दोन, भिक्षुणी ही पदवी नावापुढे नसलेल्या स्त्रिया. लेखात नुसते स्त्रीचे नाव असेल तर ती गृहस्थ मानली आहे. त्यांत काही भिक्षुणी असू शकतील. इथे मी तिला विचारले की असे झाल्यास तुझा मुख्य निष्कर्ष कुठल्या बाजूला झुकेल. थोडा विचार करून ती म्हणाली, नात्याचा उल्लेख असलेल्या स्त्रियांना याचा धक्का नाही. पण नुसते गाव आणि नाव असलेल्या स्त्रियांपैकी काही भिक्षुणी निघाल्या तर गावाने ओळखल्या जाणाऱ्या भिक्षुणींची संख्या वाढेल, म्हणजे निष्कर्ष बळकटच होईल. हे वाक्य तसेच्या तसे मर्यादेत गेले. मर्यादेची दिशा सांगता येते तेव्हा ती कबुली राहत नाही, युक्तिवादाचा भाग होते. परीक्षकाच्या हातातला अर्धा आक्षेप तिथेच संपतो.

तीन, आणि ही सर्वांत खोल: सांचीच्या संघात कोणता विनय चालत होता हे ठरलेले नाही. प्रबंधाने नियमांची तुलना पाली विनयाशी केली होती. आज आपल्या हातात असलेला पाली विनय सिंहली परंपरेने जपलेला आहे. इतर निकायांचे, म्हणजे बौद्ध संप्रदायांचे, विनय चिनी भाषांतरांत, मूलसर्वास्तिवादाचा तिबेटी भाषांतरात आणि गिलगिटच्या संस्कृत हस्तलिखितांत अंशतः, असे विखुरलेले आहेत. तेव्हा ‘नियम असा होता आणि आचार तसा होता’ ही प्रबंधातली मांडणी मुळात दोन वेगळ्या जागांची तुलना असू शकते. धर्माच्या अभ्यासात ही अडचण सतत येते. ग्रंथ एका परंपरेचा, आचार दुसऱ्या ठिकाणचा, आणि दोघांना जोडतो तो आपला ‘बौद्ध’ हा एकच शब्द. इथे तिने धैर्याने लिहिले की चौथ्या प्रकरणातील तुलना केवळ शक्यता दाखवते, नियमभंग सिद्ध करत नाही. भाषा न येण्याचे वाक्य याच्या आत आले आणि तिथे त्याला अर्थ मिळाला.

उलट बाजूचा दोषही सांगायला हवा, कारण दुसऱ्या मसुद्यात ती तिकडे झुकली. अक्षरवळणावरून ठरवलेला काळ पन्नास-शंभर वर्षांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, तोरणांचे काही भाग पडून १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभारले गेले, काही दगड झिजले आहेत, असे सगळे लिहून तिने शेवटी म्हटले की कोणताही निष्कर्ष निश्चित मानता येणार नाही. ही नम्रता नव्हे. ओळखीच्या नोंदणीबद्दलचा तिचा दावा दोन शतकांचा काळ एकत्र धरूनच केलेला होता. पन्नास वर्षांच्या फरकाने त्याला काहीही होत नव्हते. ज्या मर्यादेने दावा हलत नाही ती तळटीपेत ठेवावी, किंवा साधनांच्या प्रकरणात. उपसंहारात ती आली की वाचकाला दावाच कच्चा वाटतो.

एक परिच्छेद असा होता की त्यावर मार्गदर्शक, ती आणि मी, तिघांचे मत वेगळे पडले. मसुद्याच्या शेवटी तिने लिहिले होते की प्राचीन काळी भिक्षुणींना इतका मान होता, म्हणून थेरवादात, म्हणजे श्रीलंका व आग्नेय आशियातल्या बौद्ध परंपरेत, भिक्षुणीसंघाचे पुनरुज्जीवन झालेच पाहिजे. थेरवादातली भिक्षुणी-परंपरा साधारण ११व्या शतकात श्रीलंकेत खंडित झाली. १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला श्रीलंकेतल्या स्त्रियांची उपसंपदा, म्हणजे भिक्षुणी म्हणून पूर्ण दीक्षा, झाली. तिच्या वैधतेबद्दल संघातच मतभेद आहेत, कारण नियमाप्रमाणे भिक्षुणीची उपसंपदा भिक्षू आणि भिक्षुणी अशा दोन्ही संघांकडून व्हावी लागते आणि थेरवादी भिक्षुणीसंघच उरलेला नव्हता. मार्गदर्शकांचे म्हणणे, हा परिच्छेद पूर्ण काढा, इतिहासाच्या प्रबंधात ‘झाले पाहिजे’ नको. ती म्हणाली, “सर, मी या विषयाकडे आले तेच या प्रश्नामुळे. तो लपवून कसे चालेल?”

मला तिचे म्हणणे पटले, वाक्य पटले नाही. सांचीचा दानलेख वैधतेच्या वादाचा निकाल देऊ शकत नाही. तो वाद विनयाच्या अर्थाचा आहे आणि तो त्या परंपरेतल्या लोकांनी सोडवायचा आहे. पण त्या वादात कधी कधी एक ऐतिहासिक विधान वापरले जाते, की भिक्षुणी संघाच्या सार्वजनिक जीवनात नेहमी परिघावरच होत्या. या विधानाबद्दल प्रबंधाला बोलता येते. अशोकाचा सांचीचा स्तंभलेखही संघभेद करणाऱ्या ‘भिक्षू किंवा भिक्षुणी’ला एकत्रच बजावतो. तेव्हा शेवटी असे ठरले: आपली भूमिका आणि विषयाकडे येण्याचे कारण प्रस्तावनेत स्पष्ट लिहायचे. उपसंहारात इतकेच म्हणायचे की परिघावर असण्याचे विधान निदान सांचीला लागू पडत नाही, आणि उपसंपदेच्या वैधतेबद्दल या साधनांवरून कोणत्याही बाजूने निष्कर्ष काढता येत नाही. ‘कोणत्याही बाजूने’ हे शब्द तिने स्वतः घातले. मार्गदर्शकांनी ते मान्य केले, तरी त्यांना तो परिच्छेद शेवटपर्यंत थोडा लांब वाटत राहिला.

पुढील संशोधनाच्या दिशा हा भाग मग जवळजवळ आपोआप लिहिला गेला. पहिल्या मसुद्यात तो आठ मुद्द्यांचा होता: अमरावतीचा अभ्यास व्हावा, मथुरेचा व्हावा, जैन साध्वींच्या दानांशी तुलना व्हावी, स्त्रीवादी दृष्टीने विचार व्हावा. यातला एकही मुद्दा चुकीचा नाही, पण तो कुणीही, प्रबंध न वाचता, लिहू शकला असता. नव्या मसुद्यात तीनच दिशा राहिल्या आणि तिन्ही वर सांगितलेल्या मर्यादांतून निघाल्या.

पहिली, भारहूतचा स्तूप. तिथले दानलेख काळाने सांचीच्या सुरुवातीच्या टप्प्याजवळचे, भाषेने आणि घडणीने तसेच. तिथे भिक्षुणींची ओळख गावाने दिली जाते की नाही हे पाहिले तर सांचीचे चित्र स्थानिक आहे की त्या काळचे, ते कळेल. तिने पुढे लिहिले की भारहूतला नात्याचे उल्लेख मोठ्या प्रमाणात निघाले तर प्रस्तुत निष्कर्ष सांचीपुरताच मानावा लागेल. आपला दावा कशाने पडेल हे स्वतः सांगणारी दिशा मला सर्वांत प्रामाणिक वाटते. दुसरी, महासांघिक-लोकोत्तरवादी परंपरेचा भिक्षुणीविनय. तो संस्कृतात उपलब्ध आहे आणि १९७० मध्ये गुस्ताव्ह रोथ यांनी संपादित केला आहे. चिनी किंवा तिबेटी न येणाऱ्यालाही चौथ्या प्रकरणातली तुलना तिथे तपासता येईल, विशेषतः सामूहिक द्रव्याविषयीच्या नियमांची. तिसरी, दगडांच्या जागा. एका गावची दाने वेदिकेवर शेजारी-शेजारी आहेत का, हे पुनर्रचित आणि मूळ जागचे भाग वेगळे करून तपासावे. ‘समूह’ हा शब्द प्रबंधाने फक्त नावांच्या आधारे वापरला आहे. जागेचा पुरावा मिळाला तर तो पक्का होईल, नाही तर सोडावा लागेल.

जैन साध्वींशी तुलना तिला फार प्रिय होती. मथुरेच्या जैन लेखांत साध्वींच्या सांगण्यावरून गृहस्थ स्त्रियांनी प्रतिमा दिल्याचे उल्लेख येतात, आणि दान कुणाचे, प्रेरणा कुणाची हा प्रश्न तिथे लेखातच उघड होतो. विषय सुंदर आहे. पण तो तिच्या मर्यादांवरचा उपाय नव्हता, तो एक वेगळा प्रबंध होता. तो यादीतून काढून तिने आपल्या वहीत ठेवला.

अंतिम प्रकरण नऊ पानांचे झाले. मौखिकीत बहिःस्थ परीक्षकांनी अपेक्षेप्रमाणे द्रव्याच्या स्रोताचाच प्रश्न विचारला. तिने उपसंहारातले पान सांगितले आणि प्रबंध मालकीचा दावा करत नाही हे दाखवले. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नव्हता: गावाचे नाव हे भिक्षुणीच्या जन्मगावाचे की ती ज्या विहारात राहत होती त्या गावाचे? लेखावरून हे ठरत नाही. जन्मगाव असेल तर ‘संबंध तुटत नाही’ हा निष्कर्ष उभा राहतो. राहण्याचे गाव असेल तर तो वेगळ्याच अर्थाचा होतो, कारण मग गृहस्थांशी दिसणारा समूह हा जुन्या नात्याचा नसून विहार आणि त्याला पोसणारे गाव यांचा आहे. तिने उत्तर देण्याचा खटाटोप केला नाही, प्रश्न मान्य केला. अंतिम प्रत सादर करताना योगदानाच्या परिच्छेदात ‘स्त्रीचा गावाशी’ या शब्दांच्या जागी ‘भिक्षुणीचा एखाद्या गावाशी असलेला, जन्माचा किंवा निवासाचा’ असे शब्द गेले आणि मर्यादा तीनच्या चार झाल्या. त्यानंतर गोषवारा आणि पहिल्या प्रकरणातला संशोधनप्रश्न याच शब्दांशी जुळवून घेण्यात आणखी एक आठवडा गेला.